बाबा म्हणतात फाउल, पंच म्हणतात खेळा!

दोस्तांनो, अशी कल्पना करा की रविवारची सकाळ आहे आणि अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये पोरांचा फुटबॉल सामना रंगलाय. चेंडू गोलरेषेबाहेर गेला. गोल किक! गोलरक्षकाने चेंडू लांब उडवलाच नाही. शेजारी उभ्या असलेल्या बचावपटूकडे हळूच सरकवला आणि त्याने तो पेनल्टी बॉक्समध्येच अडवला. काठावरून कुणाचे तरी बाबा ओरडले, "अरे, बॉल बॉक्सबाहेर गेलाच नाही! पुन्हा घ्यायला लावा!" पंचांनी मात्र शिट्टीच वाजवली नाही.

बाबांचं चुकलं का? चुकलं, पण पूर्ण नाही. ते शाळेत खेळत होते तेव्हाचा नियम त्यांना अगदी बरोबर आठवतोय. तेव्हा गोल किक मारल्यावर चेंडू पेनल्टी बॉक्सबाहेर गेल्याशिवाय खेळात आला असं धरत नसत. आत कुणी शिवला की किक पुन्हा. याचा काही जण फायदाही उठवत. समोरचा अंगावर धावून येतोय असं दिसलं, की बचावपटू मुद्दाम आत जाऊन चेंडूला पाय लावायचा. शिक्षा काहीच नाही, किक पुन्हा, आणि वेळही गेला!

फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयफॅब या संस्थेने 2 मार्च 2019 रोजी स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या सभेत हे बदललं आणि 1 जून 2019 पासून नवा नियम लागू झाला. आता किक बसून चेंडू स्पष्टपणे हलला, की तो खेळात आला. प्रतिस्पर्ध्यांनी मात्र तोपर्यंत बॉक्सबाहेरच थांबायचं.

एवढ्याशा बदलाने काय होतं, ते मोजूनच बघू. गोल किक गोलपुढच्या लहान चौकटीतून घेतात. ती 5.5 मीटर खोल, तर पेनल्टी बॉक्स 16.5 मीटर. म्हणजे चेंडू लहान चौकटीच्या पुढच्या रेषेवर ठेवला, तर बॉक्सची रेषा समोर 11 मीटरवर. त्या रेषेच्या कोपऱ्यावरून बाजूला जायचं तरी तेवढंच अंतर. पूर्वी चेंडू ते 11 मीटर घरंगळेपर्यंत समोरचा खेळाडू रेषेवर टपून बसलेला असायचा. आता बचावपटू चार-पाच मीटरवर उभा राहतो. त्याला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात मिळतो. रेषेवरून धावत येणाऱ्याला दोनेक सेकंद लागतात. मधला जो सव्वा-दीड सेकंद उरतो, तीच सगळी कमाई! तेवढ्यात चेंडू थांबवायचा, मान वर करायची आणि कुठे द्यायचा ते ठरवायचं.

पण कमाईबरोबर धोकाही आलाच. 13 मार्च 2021 रोजी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत होती. आपली मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांची मुंबई मागून छोटे पास देत चढणारी. अठराव्या मिनिटाला मुंबईचा अहमद जाहू स्वतःच्या बॉक्सजवळ चेंडू गमावून बसला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल ठोकला. आपल्याच दारात चेंडू गेला की सावरायला कुणी नसतं, ते हे असं! गंमत म्हणजे थोड्याच वेळात याच जाहूने चेंडू लांब उंच टाकला आणि बागानच्या तिरीच्या डोक्याला लागून तो त्याच्याच गोलमध्ये गेला. शेवटी नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल करून मुंबईला 2-1 असं जिंकून दिलं.

छोट्या गोल किकचं गुपितही यातच आहे. आखूड पास हे आमिष असतं. समोरचे तिघे तो घ्यायला पुढे आले, की त्यांच्या मागे जागा रिकामी पडते. म्हणून किक घेण्याआधी गोलरक्षकाने रेषेवरची डोकी मोजावीत. दोन असतील तर तो स्वतः आणि दोन बचावपटू मिळून तीन होतात, आखूड खेळायला हरकत नाही. चार-पाच जण टपून असतील, तर सरळ लांब मारावा. आणि जुलैतल्या बदलापूरच्या चिखलात तर मोजायचीही गरज नाही, कारण चेंडू निम्म्या वाटेतच रुतून बसतो!

एक चलाखी मात्र चालत नाही बरं का. गोलरक्षकाने चेंडू उचलून मित्राच्या छातीवर द्यायचा, मित्राने छातीने परत करायचा आणि गोलरक्षकाने हातात धरायचा, ही युक्ती बदलानंतर लगेच कुणाच्या तरी डोक्यात आलीच होती. मुद्दाम असं केलं तर आता पिवळं कार्ड मिळतं. पायाने परत दिलेला चेंडू तर गोलरक्षकाला हातात घेताच येत नाही. तेव्हा बचावपटूने पाठीमागे दिलाच, तर गोलरक्षकानेही पायानेच खेळायचं, समोरून कुणी कितीही वेगाने धावत येवो!