माउस बाजूला ठेवा आणि गूळ काढून दाखवा

फ्रंटएंड डेव्हलपर म्हणजे वेबसाइटचा आपल्याला दिसणारा भाग घडवणारा माणूस. अशा उमेदवारांच्या मुलाखती घेताना मी एक छोटं काम देतो. किराणा मागवण्याच्या पानावर खरेदीची यादी आहे: कांदे, तूरडाळ, गूळ. प्रत्येक वस्तूपुढे एक फुली हवी आणि ती दाबली की ती वस्तू यादीतून जायला हवी. उमेदवार हे भराभर करतात. पुष्कळदा फुली अशी लिहिलेली असते:

```html
<div class="btn" onclick="removeItem()">✕</div>
```

माउसने क्लिक केलं की वस्तू जाते. मग मी म्हणतो, आता माउस बाजूला ठेवा आणि गूळ काढून दाखवा. खरी मुलाखत इथून सुरू होते.

ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचा हात थरथरतो, अशी बरीच माणसं माउसऐवजी कीबोर्डवर काम करतात. टॅब दाबत एका बटणावरून पुढच्यावर जायचं आणि एंटर किंवा स्पेसबारने ते दाबायचं. वरची फुली टॅबला सापडतच नाही, कारण `div` हा ब्राउझरच्या लेखी नुसता कप्पा आहे. त्याला रंग आणि गोल कडा देऊन बटणासारखं सजवलं, तरी ते फक्त डोळ्यांपुरतं.

उमेदवार मग `tabindex="0"` जोडतो. टॅब फुलीवर थांबतो, पण एंटर दाबून काही होत नाही. त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागतो. तो लिहिला की स्पेसबार दाबल्यावर वस्तू जाते, पण पानही खाली सरकतं. ते थांबवायला आणखी एक ओळ. शिवाय हे बटण आहे हे सांगायला `role="button"`. एवढी ठिगळं लावून जे मिळतं, ते सगळं `button` या टॅगमध्ये आयतं असतं. ज्या कामाचा टॅग त्याच कामाला वापरायचा, याला सिमँटिक मार्कअप म्हणतात. ही व्याख्या पाठ म्हणून दाखवणारे पुष्कळ भेटतात. ठिगळं लावताना मध्येच थांबून “यापेक्षा `button` घेतो” म्हणणारा उमेदवार मला जास्त भावतो.

मात्र `button` घेतल्यानेही काम संपत नाही. स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. फुलीच्या चिन्हाचा उच्चार ते कसा करेल, की ते गाळूनच टाकेल, याचा भरवसा नसतो. समजा, नीट उच्चारलं. तरी ऐकणाऱ्याला तीन वेळा तेच ऐकू येणार, आणि त्यातली गुळाची फुली कोणती हे कळणार नाही. म्हणून प्रत्येक बटणाला त्याचं नाव द्यावं लागतं:

```html
<button aria-label="गूळ यादीतून काढा">✕</button>
```

आता कीबोर्डवरून गूळ निघतो. इथे मी विचारतो, “गूळ गेला, आता फोकस कुठे आहे?” फोकस म्हणजे कीबोर्ड या क्षणी पानावर जिथे उभा आहे ती जागा. ज्या बटणावर तो होता, ते बटणच पानावरून नाहीसं झालेलं असतं. मग फोकसला धरायला काही उरत नाही आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याची जागा हरवू शकते. लांबलचक यादीत पुन्हा शोधाशोध आली. चांगला उमेदवार फोकस पुढच्या वस्तूच्या फुलीवर नेतो, पुढची नसेल तर मागच्या आणि यादी रिकामी झाली तर तिच्या शीर्षकावर. वस्तू गेल्याचं डोळ्यांना दिसतं, पण कानांना ते सांगावं लागतं. त्यासाठी `role="status"` असलेला रिकामा कप्पा पानावर आधीपासून ठेवायचा आणि वस्तू गेली की त्यात “गूळ काढला” असं लिहायचं. स्क्रीन रीडर फोकस न हलवता ते वाचतो. कप्पा आयत्या वेळी तयार केला, तर ती सूचना वाचली न जाण्याची शक्यता असते.

काहीजण लाइटहाउससारख्या तपासनीस साधनाचा शंभरपैकी शंभर गुण दाखवतात. एखाद्या बटणाला नाव नसेल तर ते साधन पकडतं. नाव योग्य आहे का, किंवा वस्तू गेल्यावर फोकस कुठे गेला, हे त्याला कळत नाही. ते माणसानेच तपासायला हवं.

हा प्रश्न आता कायद्याचाही आहे. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला केवायसीचा होता. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून-उघडून दाखवता येत नव्हत्या.

मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्यावा, तो मोफत आहे. मॅकवर व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो. तो सुरू करा, पडदा झाका आणि तुम्हीच बनवलेल्या पानावरून एक वस्तू काढून पाहा. जिथे अडाल, तिथला कोड आधी दुरुस्त करा.