‘होणार’ आणि ‘नाही’ यांची ताटातूट करू नका

प्रजासत्ताक दिन आठवड्यावर आला की भाषणांची तयारी सुरू होते. पहूर पेठ असो की पहूर कसबे, शाळेत आणि ग्रामपंचायतीत भाषणांचे कागद तयार होऊ लागतात. बहुतेक कागद अर्जासारखे लिहिलेले असतात, या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेले. वाचणाऱ्याने समोर पाहून पुन्हा मान खाली घातली की ओळ सापडत नाही.

ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल आपली भाषणं तुटक, पायऱ्यांसारख्या ओळींत टंकून घेत. बायबलमधली स्तोत्रं अशी छापतात, म्हणून त्या मांडणीला स्तोत्राचंच नाव पडलं होतं. मराठीला ही रीत जास्त गरजेची आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार बहुधा त्याच्याही मागे. ग्रामसभेतली एक सूचना घ्या:

ई-केवायसी बाकी असलेल्या शेतकऱ्यांनी /
आधार कार्ड आणि सातबारा घेऊन /
शुक्रवारच्या आत /
तलाठी कार्यालयात यावं. //
त्यानंतर येणाऱ्यांचं अनुदान /
खात्यावर जमा होणार नाही. //

एक तिरपी रेघ म्हणजे क्षणभर थांबा, दोन म्हणजे श्वास घ्या आणि लोकांकडे पाहा. ओळ तोडायची ती अर्थाचा एक तुकडा पुरा झाल्यावर. ‘शेतकऱ्यांच्या’ एका ओळीत आणि ‘खात्यावर’ पुढच्या ओळीत, असं करू नये. सर्वांत वाईट म्हणजे ‘जमा होणार’वर पान संपणं आणि ‘नाही’ पुढच्या पानावर जाणं. पान उलटेपर्यंत लोकांनी पैसे मिळणार असंच ऐकलेलं असतं. म्हणून वाक्य पानावर मावत नसेल, तर खाली जागा कोरी सोडून ते अख्खं पुढच्या पानावर घ्यावं.

जोर द्यायचा शब्द ठळक आणि दोन-तीन पॉइंट मोठा करावा. त्याखाली रेघ मारू नये, कारण ती उकारातून जाते आणि घाईत ऱ्हस्व-दीर्घ ओळखू येत नाही. वर रफार-वेलांटी, खाली उकार, म्हणून ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवावं. अक्षर १८-२० पॉइंटचं पुरतं. ‘१,२५,०००’ न लिहिता ‘सव्वा लाख’ लिहावं, म्हणजे माईकसमोर शून्यं मोजावी लागत नाहीत. कागद एकाच बाजूने वापरावा, पानांना क्रमांक द्यावेत.

खुणांचाही अतिरेक होतो. दर दोन शब्दांवर रेघ आली की भाषण तारेसारखं तुटक ऐकू येतं, आणि निम्मे शब्द ठळक केले तर एकही उठून दिसत नाही. त्यामुळे रेघा आधी पेन्सिलीने माराव्यात आणि उभं राहून मोठ्याने वाचावं. ओळीच्या मध्येच दम लागला तर ती तिथल्या जवळच्या अर्थाच्या सांध्यावर तोडावी. रेघेवर थांबावंसंच वाटलं नाही, तर रेघ खोडावी. मैदानात कर्ण्याचा आवाज घुमत असेल, तर प्रत्येक दुहेरी रेघेवर तो विरेपर्यंत थांबावं लागेल.

शिक्षकांना एकच विनंती: मुलांकडून भाषण पाठ करून घेण्याआधी त्यांनाच त्यांच्या कागदावर या रेघा मारू द्या. रेघ चुकीच्या जागी पडली, तर मुलाला वाक्य कुठे कळलं नाही ते तिथेच दिसेल.