कुलूप असूनही उघडा फोन

अनेक अँड्रॉइड फोनमध्ये Extend Unlock (जुने नाव Smart Lock) ही सोय असते. एखादी जागा ‘विश्वासाची’ ठरवली, की तिथे एकदा उघडलेला फोन पुन्हा पिन विचारत नाही. समजा, आपण शिक्षकांची खोली तशी ठरवली. फोनला मात्र खोलीच्या भिंती दिसत नाहीत. तो उपग्रह, वाय-फाय यांच्या संकेतांवरून स्थानाचा अंदाज बांधतो. गूगलच्याच माहितीनुसार हे वर्तुळ 80 मीटर त्रिज्येपर्यंत पसरू शकते. क्षेत्रफळ काढून पाहा: 3.14 × 80 × 80, म्हणजे सुमारे 20,000 चौरस मीटर, जवळजवळ पाच एकर! मैदान, फाटक, बाहेरची चहाची टपरीही त्यात आली. टेबलावरचा फोन कोणी उचलून टपरीवर नेला, तरी बोट सरकवताच उघडेल. चार तास न वापरल्यास किंवा बंद करून सुरू केल्यास तो पिन मागतो. पण मधली सुट्टी एवढी मोठी कुठे असते?

‘विश्वासाच्या साधना’चे तसेच. ब्लूटूथचा इअरफोन आणि फोन एकाच पर्समध्ये असतील, तर पर्स नेणाऱ्याला दोन्ही मिळतात.

फाटकाशी जाऊन पडदा बंद करा, मिनिटभराने चालू करा. पिन न मागता फोन उघडला, तर वर्तुळ तिथवर आहे.