एकच निरोप दोनदा

समजा, अमेरिकेतलं एक छोटं ऑनलाइन पुस्तकांचं दुकान. गिऱ्हाइकानं कार्डानं ४५ डॉलर भरले. पैसे दुकानाच्या नव्हे, स्ट्राइप या पेमेंट कंपनीच्या यंत्रणेतून जातात. मग ते जमा झाल्याचं दुकानाला कळतं कसं? दुकानदारानं आपल्या सर्व्हरचा एक पत्ता स्ट्राइपकडे नोंदवून ठेवलेला असतो. पैसे जमा झाले की स्ट्राइपच त्या पत्त्यावर निरोप धाडते. या व्यवस्थेला वेबहूक म्हणतात.

निरोप मिळाला की सर्व्हरनं ‘२००’ या आकड्यानं पोच द्यायची. ठरलेल्या वेळात पोच आली नाही, तर स्ट्राइप तोच निरोप पुन्हा पाठवते. दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत जातं आणि हे तीन दिवसांपर्यंत चालू राहतं. सर्व्हर रात्रभर बंद पडला तरी ऑर्डर बुडत नाही ती यामुळेच.

घोटाळाही इथेच होतो. आपल्या दुकानाचा सर्व्हर निरोप आल्यावर आधी पावती बनवायचा, मग गोदामाला कळवायचा, मग ईमेल पाठवायचा आणि शेवटी पोच द्यायचा. एके दिवशी ईमेलची सेवा रेंगाळली. गोदामाला सूचना गेली, पण पोच वेळेत निघाली नाही. स्ट्राइपच्या लेखी निरोप पोचलाच नव्हता, म्हणून तिनं तो पुन्हा धाडला आणि गोदामातून त्याच पुस्तकाची दोन पार्सलं निघाली. यात स्ट्राइपची चूक नाही. पोच आली नाही एवढंच तिला दिसतं. काम झालं की नाही, हे तिला कळायला मार्ग नसतो.

म्हणून प्रत्येक निरोपाला `evt_` नं सुरू होणारा क्रमांक असतो. दुकानानं तो वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, टिपायचा. आधीच टिपलेला असेल तर नुसती पोच देऊन मोकळं व्हायचं. मात्र क्रमांक टिपला आणि पार्सलाचं काम नोंदवण्याआधीच सर्व्हर कोसळला, तर पुढचा निरोप ‘झालंय की’ म्हणून परत जाईल आणि गिऱ्हाईक वाट पाहत बसेल. त्यामुळे क्रमांक आणि ‘हे पार्सल पाठवायचंय’ ही नोंद एकाच व्यवहारात व्हायला हवी: दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. मग लगेच पोच द्यायची. पावती, ईमेल हे सगळं त्यानंतर सावकाश.

आता दुसरा धोका. निरोपाचा पत्ता इंटरनेटवर उघडाच असतो. एखाद्या लबाडानं त्यावर ‘४५ डॉलर मिळाले’ असा खोटा निरोप टाकला तर? यासाठी सही असते. स्ट्राइप आणि दुकान या दोघांनाच माहीत असलेली एक गुप्त किल्ली घेऊन स्ट्राइप निरोपाच्या मजकुरावरून एचमॅक-एसएचए-२५६ या गणितानं एक लांबलचक खूण काढते. दुकान तेच गणित स्वतः करतं आणि खुणा जुळल्या तरच निरोप खरा मानतं. मजकुरात एका अक्षराचाही फरक पडला तर खूण पार बदलते. नवशिके प्रोग्रामर इथेच अडकतात. आलेला मजकूर आधी उलगडून पुन्हा जुळवला की एखादी मोकळी जागा इकडची तिकडे होते आणि खरी सही खोटी ठरते. म्हणून सही तपासायची ती जसाच्या तसा आलेल्या मजकुरावर.

पण खरा, सही असलेला निरोपच कुणी चोरून महिन्याभरानं पुन्हा पाठवला तर? सही जुळणारच. म्हणून सहीत वेळही गुंफलेली असते:

```
Stripe-Signature: t=1760000000,v1=...
```

`t` म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. इथली वेळ आहे ९ ऑक्टोबर २०२५, भारतात दुपारचे २ वाजून २३ मिनिटं. खूण काढताना ही वेळ मजकुराला जोडलेली असते, त्यामुळे चोरानं ती बदलली की सही मोडते. स्ट्राइपच्या तयार लायब्रऱ्या पाच मिनिटांहून जुनी सही नाकारतात. मग तीन तासांनी आलेला खरा निरोपही नाकारला जाईल का? नाही. प्रत्येक प्रयत्नाला स्ट्राइप नवी वेळ घालून नवी सही करते. पाच मिनिटांच्या आत केलेली नक्कल मात्र वेळेच्या चाळणीतून सुटते. तिला अडवतो तो वहीतला क्रमांकच.

सर्व्हर तीन दिवसांहून जास्त बंद राहिला तर निरोप आपोआप येणं थांबतं. तेव्हा दुकानदारानं स्ट्राइपकडची व्यवहारांची यादी मागवून आपल्या वहीशी ताडून पाहावी. रोज रात्री हा ताळा घेतला, तर चुकलेली ऑर्डर गिऱ्हाइकाच्या तक्रारीआधीच सापडते.