बारा डब्यांचा ताळा

महिनाअखेरीस हिशेब बंद करण्याआधी तीन आकडे एकमेकांशी जुळावे लागतात: ऑर्डर नोंदवहीतला, गोदामातला आणि खतावणीतला. ताळा घेण्याची पहिली पायरी मात्र बेरजेची नसते. आधी मालाची ये-जा थांबवून त्या दिवसाचे शेवटचे बिल, शेवटचे चलन आणि शेवटची आवक पावती यांचे क्रमांक लिहून ठेवायचे. ही रेघ मारली नाही तर मोजणी चालू असतानाच एखादा टेम्पो निघून जातो आणि पुढचा सारा खटाटोप वाया जातो.

खाद्यतेलाच्या एका घाऊक दुकानाचे उदाहरण घेऊ. महिन्याच्या सुरुवातीला 420 डबे होते, खरेदीच्या नोंदी 600 डब्यांच्या आणि विक्रीच्या 710 डब्यांच्या. म्हणजे पुस्तकी शिल्लक 310. मोजणीत निघाले 322. बारा डबे जास्त निघाले म्हणून खूश होऊन पुस्तकात वाढवून टाकणे, ही इथली नेहमीची चूक. फरक बाराचा दिसला तरी चूक बाराचीच असते असे नाही.

आता ऑर्डर नोंदवही उघडायची. मागची बाकी 90 डबे, नव्या ऑर्डरी 730, रद्द 22 आणि अजून द्यायचे 80. त्यावरून पुरवलेला माल 718 डबे येतो, पण बिले 710 चीच आहेत. उरलेले आठ डबे संध्याकाळी चलनावर गेले आणि बिल करायचे राहिले, हे चलनाच्या पुस्तकात सापडते. तरी गोदामात डबे जास्त कसे? फाटकावरची आवक वही 620 डबे दाखवते. वीस डबे उतरले, पण पुरवठादाराचे बिल न आल्याने खरेदीची नोंदच झाली नाही. वीस वाढवले, आठ वजा केले, की 310 चे 322 होतात. दोन चुकांनी एकमेकींना झाकले होते.

दुरुस्ती खतावणीत उतरायला हवी. आठ डब्यांचे बिल त्याच तारखेला करून विक्री आणि ग्राहकाचे येणे नोंदवायचे; माल हलतानाच बिल करणे जीएसटी कायद्यालाही अपेक्षित आहे. वीस डब्यांची, प्रत्येकी 2,000 रुपये धरून, 40,000 रुपयांची खरेदी आणि तेवढेच देणे अंदाजाने दाखवायचे. बिल आले की ही नोंद उलटवायची. मग ग्राहकांच्या बाकीची बेरीज एकूण येण्याशी ताडून पाहायची. सस्पेन्स खात्यात काही उरले असेल तर तारीख बंद करायची नाही.

एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर टाकली गेली असेल, तर मात्र वरच्या सगळ्या बेरजा बिनचूक जुळतात. ती चूक ग्राहकाकडून बाकीचा उतारा तपासून घेतल्याशिवाय सापडत नाही.