‘नवीन काय आहे’ला उत्तर देताना

फोनवरच्या ॲपची नवी आवृत्ती आली की तिच्याखाली चार ओळी येतात. गूगलच्या प्ले स्टोअरवर त्यांचे शीर्षक असते ‘नवीन काय आहे’. या प्रश्नाचे बहुतेक वेळा मिळणारे उत्तर म्हणजे ‘काही त्रुटी दूर केल्या, कामगिरी सुधारली’. त्यातून कोणाला काहीच कळत नाही. दुसऱ्या टोकाला, प्रोग्रामरच्या कामाच्या यादीतली वाक्ये तशीच उचलून तिथे चिकटवलेली दिसतात. ही दुसरी तऱ्हा निदान प्रामाणिक तरी असते, कारण काय बदलले ते तिच्यात असते. फक्त ते कोणासाठी बदलले, हे नसते.

ही वाक्ये येतात कुठून? सॉफ्टवेअर कंपनीत प्रत्येक लहानमोठ्या कामाचे ‘तिकीट’ निघते. जिरासारख्या प्रणालीत त्याला क्रमांक मिळतो, कोणीतरी ते अंगावर घेतो आणि काम झाले की बंद करतो. आवृत्ती बाहेर पडताना बंद झालेल्या तिकिटांची यादी एका कळीसरशी निघते. ती एका प्रोग्रामरने दुसऱ्यासाठी लिहिलेली असते आणि तिथे ती चोख काम करते. वीजबिल भरण्याचे एक काल्पनिक ॲप घेऊ. त्याच्या नव्या आवृत्तीची यादी अशी आहे:

```
PAY-2317  Fix race condition in UPI callback
AUTH-882  Move OTP to SMS Retriever API
UI-1450   Refactor bill history list
CHORE     Bump minSdk 21 -> 24
```

पहिले तिकीट पाहू. ॲप पैसे भरण्याची विनंती पाठवते आणि ठरावीक वेळ उत्तराची वाट पाहते. तेवढ्यात उत्तर आले नाही तर ‘अयशस्वी’ अशी नोंद करते. नेटवर्क मंद असेल तर पैसे मिळाल्याचा निरोप त्यानंतर काही क्षणांनी येतो, पण नोंद झालेली असते आणि निरोप वाया जातो. दोन घटनांची अशी शर्यत लागते, म्हणून तिकिटात ‘रेस कंडिशन’. ज्याचे बिल आहे त्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ते इतकेच, की खात्यातून पैसे गेले आणि ॲप म्हणते भरलेच नाहीत. मग तो पुन्हा भरतो.

तिकिटात हा माणूस कुठेच नाही. त्यामुळे टीप लिहिणाऱ्याने शब्दकोश उघडून भागत नाही. त्याला उठून तक्रारींचे फोन घेणाऱ्यांकडे जावे लागते. लोक काय सांगत होते, कधी, कोणत्या शब्दांत? तिथे ‘रेस कंडिशन’ कोणी म्हणालेले नसते. ‘पैसे कापले पण बिल तसेच’ असे म्हणालेले असते. टिपेचे पहिले वाक्य तिथेच तयार मिळते: ‘बिलाचे पैसे खात्यातून जाऊनही ॲपमध्ये कधीकधी “पेमेंट अयशस्वी” दिसत होते, ती चूक दुरुस्त केली आहे.’

पण वाचणाऱ्याचा पुढचा प्रश्न लगेच येतो: माझे दोनदा गेले त्याचे काय? त्याचे उत्तर प्रोग्रामरकडे नसते, हिशेब विभागाकडे असते. जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वळती होणार असेल तर तसे लिहायचे. ते ठरलेलेच नसेल तर आधी ठरवून घ्यायचे. एका ओळीच्या टिपेपायी कंपनीत असे प्रश्न सुटल्याचे ऐकून नवल वाटायला नको. शेवटी वाक्य प्रोग्रामरला दाखवून घ्यायचे, कारण उत्साहाच्या भरात ‘आता असे कधीच होणार नाही’ असे लिहिले जाते आणि तो मान हलवतो: बँकेचीच यंत्रणा बंद असेल तर होईल.

दुसऱ्या तिकिटात बातमी आहे, पण लपलेली. पूर्वी ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून ॲप सगळे एसएमएस वाचण्याची परवानगी मागत असे. नव्या पद्धतीत अँड्रॉइड फक्त त्या ॲपसाठी आलेला संदेश त्याच्या हाती देतो. म्हणजे लिहायचे ते असे: ‘ओटीपीसाठी आता तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी लागणार नाही.’ तिसऱ्या तिकिटात आतली रचना नीट केली आहे, पडद्यावर काहीच फरक नाही. ते सरळ गाळायचे. अनेकांचा हात इथे अडखळतो, कारण त्या कामाला कदाचित सर्वांत जास्त दिवस लागलेले असतात. पण टीप म्हणजे कोणाच्या कष्टांचा हिशेब नव्हे.

जागाही बेताचीच असते. ॲपलच्या स्टोअरवर चार हजार अक्षरांची सोय आहे. प्ले स्टोअरवर एका भाषेसाठी 500. प्ले स्टोअर मराठीत वेगळी टीप देऊ देते, पण देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना संगणकात स्वतंत्र जागा असते. ‘विद्युत’ हा आपल्या लेखी तीन अक्षरांचा शब्द तिथे सात होतो. आणि टीप आधी इंग्रजीत लिहून मग घाईघाईने मराठीत आणली, तर ‘अनुभव अधिक सुरळीत करण्यात आला आहे’ अशी वाक्ये जन्माला येतात.

काही गोष्टी मात्र मुद्दाम मोघम ठेवाव्या लागतात. सुरक्षेतले भगदाड बुजवले असेल तर ते नेमके कुठे होते, हे पहिल्याच दिवशी सांगू नये. जुनी आवृत्ती वापरणारे तेव्हा उघडेच असतात. ॲपलचे नियमही साध्या दुरुस्त्या आणि सुरक्षेच्या बदलांसाठी सर्वसाधारण वर्णन चालवून घेतात, मोठे बदल मात्र नोंदवावेच लागतात. कधी नवी सोय आवृत्तीत असते, पण कंपनी तिचे बटण टप्प्याटप्प्याने, काही जणांसाठीच चालू करते. अशा वेळी ‘आता बिल हप्त्यांत भरा’ वाचून माणूस ॲपभर शोधत बसतो आणि फोन पुन्हा तक्रार विभागाकडे वाजतो. सोय सगळ्यांना मिळेपर्यंत तिचा उल्लेख थांबवणेच बरे.

राहिले चौथे तिकीट. प्रोग्रामरांच्या बोलीत ‘चोर’ म्हणजे किरकोळ घरकाम, चोरीशी त्याचा संबंध नाही. त्या किरकोळ ओळीतला 21 हा आकडा म्हणजे अँड्रॉइड 5 आणि 24 म्हणजे अँड्रॉइड 7. अँड्रॉइड 5 किंवा 6 असलेल्या फोनला ही नवी आवृत्ती मिळणारच नाही. वडिलांकडे किंवा दुकानातल्या मदतनिसाकडे फिरलेला जुना फोन बहुधा याच रांगेत असतो. चार तिकिटांत ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल हाच, आणि त्याचे नाव सर्वांत क्षुल्लक.

बरे, तो टिपेत लिहून उपयोग? नवी आवृत्ती ज्या फोनला लागू नाही, त्याला स्टोअर ती दाखवत नाही, म्हणून तिची टीपही तिथे पोचत नाही. ही सूचना एक आवृत्ती आधीच द्यावी लागते, जुन्या फोनवर चालणाऱ्या शेवटच्या आवृत्तीत. शिवाय अनेकांचे ॲप रात्री आपोआप अपडेट होते आणि स्टोअरचे पान ते उघडतही नाहीत. म्हणून तीच सूचना ॲप उघडल्यावर पडद्यावरही हवी: ‘तुमच्या फोनवर अँड्रॉइड 6 आहे. या ॲपच्या पुढच्या आवृत्त्या या फोनवर मिळणार नाहीत. सध्याची आवृत्ती तूर्त चालू राहील. बिल आमच्या वेबसाइटवरूनही भरता येईल.’ ‘तूर्त’च्या जागी तारीख घालता आली तर उत्तम, पण ती तारीख कोणत्याच तिकिटात नसते. ती ठरवणाऱ्या माणसाला गाठावे लागते.