रंगाच्या पाण्याचा हिशेब

इचलकरंजीत कापड रंगवलं जातं आणि खाली शिरोळ तालुक्यात पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेले मासे तरंगताना दिसतात. नदीत शहराचं सांडपाणीही मिसळतं, पण रंगाच्या पाण्याचा वाटा नाकारता येत नाही. खालच्या गावांना सोसावं लागणारं हे नुकसान कापडाच्या बिलात कुठेच नसतं.

ते बिलात आणायची वाट आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने 1920 साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात मांडली: नुकसानाएवढा कर लावा. पण तो किती असावा?

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. रोज Q हजार मीटर कापड रंगतं. गिऱ्हाईक मीटरला 60 − Q/2 रुपये द्यायला तयार आहे. कारखान्याला पुढचा मीटर रंगवायला 10 + Q/2 रुपये पडतात. दोन्ही समान होतात तिथे बाजार थांबतो: Q = 50, भाव 35 रुपये.

आता नदीचं नुकसान मोजू. पुढच्या प्रत्येक मीटरमागे ते Q/4 रुपये आहे, म्हणजे उत्पादन वाढेल तसं वाढत जाणारं. यालाच सीमांत बाह्य खर्च म्हणतात. तो कारखान्याच्या खर्चात मिळवला की समीकरण होतं:

60 − Q/2 = 10 + Q/2 + Q/4

उत्तर Q = 40. समाजाच्या हिताचं उत्पादन 50 नव्हे, 40 हजार मीटर. ते शून्य नाही, हेही ध्यानात घ्यावं. पहिल्या 40 हजार मीटरांचा लोकांना होणारा उपयोग नदीचं नुकसान धरूनही जास्तच आहे.

कर ठरवताना हमखास चूक होते ती इथे. आज 50 हजार मीटर निघतात, म्हणून नुकसान 50/4 = 12.50 रुपये धरून तेवढाच कर लावला जातो. मग उत्पादन 37.5 हजारांवर घसरतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त कपात. नुकसान मोजायचं ते आजच्या उत्पादनावर नव्हे, जिथे पोचायचं आहे त्या 40 वर: 40/4 = 10 रुपये. पडताळा सोपा आहे. दहा रुपये कर लागला की गिऱ्हाईक 40 देतं, कारखान्याच्या हाती 30 उरतात, आणि चाळीस हजारावा मीटर रंगवायला त्याला नेमके 30 रुपयेच पडतात. दहापैकी पाच गिऱ्हाइकाने सोसले, पाच कारखान्याने.

तरीही कापडावरचा कर अपुराच. पाणी शुद्ध करून सोडणारा आणि तसंच ओतणारा, दोघांनाही मीटरला दहाच रुपये पडले, तर शुद्धीकरणाचं यंत्र कोण चालवील? भारताने 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये उपकर लावला, 2016 पर्यंत तो 400 वर नेला. पण तोही टनावर होता, धुरावर नव्हता. पंचगंगेसाठी कर लावायचाच, तर तो कापडाच्या मीटरवर नको, नदीत सोडलेल्या घाणीवर हवा.